किल्लीकाका

आमच्या गल्लीत नवीन भाडेकरू आला आणि त्याचं कपाट अडलं, की कुणीतरी खोडसाळपणे त्याला किल्लीकाकांचं दार दाखवतं. "किल्ली हरवलीय हो," असं तो म्हणाला की काकांचा चेहरा उजळतो. "या, बसा. किती चालींत मात आहे?" एवढं विचारून ते पुढ्यातला पट त्याच्याकडे फिरवतात. पाऊण तासानं भाडेकरू बाहेर येतो तेव्हा कपाट तसंच बंद असतं. पण 'किल्ली' म्हणजे बुद्धिबळाच्या कूटातली पांढऱ्याची पहिली चाल, ती शह देणारी नसावी, मोहरा मारणारी तर मुळीच नसावी, आणि मुख्य म्हणजे ती एकच असावी, हे त्याला आयुष्यभर पुरेल इतकं कळलेलं असतं.

बुद्धिबळाच्या सांगलीत राहून किल्लीकाका बुद्धिबळ खेळत नाहीत. आमच्याकडे भाऊसाहेब पडसलगीकरांच्या पुण्याईनं पानाच्या टपरीवरही कुणीतरी पट मांडून बसलेला असतो. काका तिथून जाताना थांबतात, डाव पाहतात, आणि "काळ्याचं ते प्यादं कशाला ठेवलंय? काही काम नाही त्याला," असं म्हणून पुढे जातात. खेळणाऱ्याला वाटतं, म्हातारा चेष्टा करतोय. काका मनापासून बोललेले असतात. त्यांच्या मते खेळातला डाव हे भांडण असतं. त्यात कुणीही कसंही जिंकावं, दहा रस्त्यांनी जिंकावं, कुणी विचारत नाही. कूटात मात्र भांडण आधीच संपलेलं असतं. पांढरा जिंकणार हे पाटीच लावून सांगितलेलं असतं: पांढऱ्यानं सुरुवात करून दोन चालींत मात. पांढरा एक चाल करतो, काळा त्याला वाटेल ते उत्तर देतो, आणि पांढऱ्याच्या दुसऱ्या चालीला मात. प्रश्न फक्त पहिली चाल कोणती एवढाच. तिला दुसरी कुठलीही चाल पर्याय म्हणून चालली, की कूट रद्द.

या 'एकच'चं वेड त्यांना धंद्यातून लागलं असावं. छत्तीस वर्षं ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. दुसऱ्याची चूक शोधणं हा त्यांचा पोटाचा उद्योग. लग्नपत्रिका हातात आली की ते मुहूर्ताआधी ऱ्हस्व-दीर्घ पाहतात. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात. काकांनी खिशात मावेल असा लोहचुंबकी पट घेतला. त्यातला एक पांढरा हत्ती पंढरपूरच्या गाडीत हरवला, तेव्हापासून त्या जागी खोडरबराचा तुकडा उभा असतो. काकांना त्याचं काही वाटत नाही. मुद्रितशोधकाच्या पटावर खोडरबरच हत्तीइतका तगडा, असं ते म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी गणेशोत्सवात मंडळाचा अंक काढायचं काम माझ्याकडे आलं. जाहिराती पुरेशा होत्या, पण एक चौकट रिकामी राहिली. मी काकांना म्हणालो, "काका, एक कूट द्या ना. सोपं." काका चार दिवस दिसले नाहीत. पाचव्या दिवशी कागद आणून दिला. त्यावर तीनच मोहरे. पांढरा राजा एफ६ वर, पांढरा हत्ती ए१ वर, काळा राजा एच८ वर. पांढऱ्यानं दोन चालींत मात करावी. अचूक उत्तर देणाऱ्यास एक्कावन्न रुपये.

"एवढंच?" मी विचारलं.

"तीनपेक्षा कमी मोहऱ्यांत मात होते का कुठे? दाखव," काका म्हणाले. मोहऱ्यांची काटकसर हा त्यांचा दुसरा धर्म. मग आवाज खाली आणून त्यांनी मला उत्तर सांगितलं. राजा जी६ वर आणायचा. शह नाही, मारामारी नाही, नुसतं एक पाऊल बाजूला. आता काळ्या राजाला जी७ आणि एच७ ही दोन्ही घरं पांढऱ्या राजानं बंद केली, म्हणून त्याला जी८ वर जावंच लागतं. तो गेला की हत्ती ए१ वरून थेट ए८ वर. आठव्या ओळीवर शह, खाली तिन्ही घरांवर पांढऱ्या राजाचा पहारा. मात.

अंकाचं मुद्रित त्यांनी स्वतः चार वेळा तपासलं. आरतीतला एक अनुस्वार दुरुस्त केला, अध्यक्षांच्या मनोगतातली तीन वाक्यं अर्थच लागत नाही म्हणून उडवली. कूटाच्या आकृतीला तर भिंग लावलं. अंकात एकही चूक राहिली नाही. चूक कूटातच होती.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर पाचवीतली एक मुलगी मांडवात आली. नाव काहीही असो, गल्लीत तिला छोटी म्हणतात. "काका, माझे एक्कावन्न रुपये," तिनं हात पुढे केला.

"उत्तर?"

"राजा एफ७."

काका हसले. बक्षीस वाचल्यावर माणूस जसा प्रेमळ होतो तसे प्रेमळ होऊन म्हणाले, "नाही बाळ. राजा जी६. एफ७ वर गेलीस तर काळा राजा एच७ वर पळेल ना."

"पळू दे," छोटी म्हणाली. तिनं खोडरबर उचललं आणि ए१ वरून पहिल्या ओळीनं सरळ एच१ वर नेऊन ठेवलं. "शह."

काका पटाकडे बघत राहिले. काळा राजा एच७ वर. जी८, जी७, जी६ या तिन्ही घरांवर एफ७ वरच्या पांढऱ्या राजाची नजर. वर एच८, खाली एच६, दोन्हीकडे हत्तीची उभी ओळ. मांडवात लाऊडस्पीकरवर गाणं चालू होतं, तरी मला शांतता ऐकू आली. काकांनी खिशातून एक्कावन्न रुपये काढले, तिच्या हातावर ठेवले आणि कुणाशी काही न बोलता घरी गेले. दारात चपला काढताना ते एवढंच पुटपुटले, "कुक निघाला."

स्वयंपाकघरातून काकू धावत आल्या. "कुठे? किती घेतो? दोन्ही वेळचा येईल का?"

कूटात रचणाऱ्याच्या उत्तराखेरीज दुसरं उत्तर सापडलं तर त्याला जगभर कुक म्हणतात, हे काकांनी त्या रात्री काकूंना समजावून सांगितलं. काकूंचं म्हणणं, मग एवढं तोंड पाडायला काय झालं, एका भाजीऐवजी दोन झाल्या. या एका वाक्यावर काका दोन दिवस जेवणावर नाराज होते.

तिसऱ्या दिवशी छोटीनंच त्यांना दाखवलं, असं का झालं ते. अंकातली आकृती तिनं कात्रीनं कापली, ए१ पासून एच८ पर्यंतच्या तिरक्या रेघेवर घडी घातली आणि कागद उजेडात धरला. हत्ती ए१ वर, राजा एफ६ वर, काळा राजा एच८ वर, तिघेही बरोबर त्याच रेघेवर. घडीच्या एका बाजूचा पट दुसऱ्या बाजूचं प्रतिबिंब. त्यामुळे जी६ ही चाल एका बाजूला चालत असेल, तर तिचं प्रतिबिंब एफ७ दुसऱ्या बाजूला चालणारच. ए८ वरून मात होत असेल, तर एच१ वरूनही होणार. आरशासमोर उभं राहून डाव्या हाताची अंगठी लपवता येत नाही, तसंच हे.

"चार दिवस बघत होतो," काका म्हणाले, "आणि घडी घालून बघितलं नाही." रचणाऱ्याला कुक दिसत नाही याचं कारण सोपं असतं. उत्तर त्याला आधीच माहीत असतं. तो पट बघतच नाही, उत्तराला पटावर चालताना बघतो. स्वतःच लिहिलेल्या मजकुराचं मुद्रित तपासणाऱ्याचं असंच होतं. खिळा उलटा लागला असला तरी त्याला सरळच दिसतो. हे काका नव्या पोरांना छत्तीस वर्षं सांगत आले होते.

मग दुरुस्ती सुरू झाली. पहिल्यांदा काकांनी हत्ती एक घर सरकवून बी१ वर ठेवला. प्रतिबिंब मोडलं, काका खूश. संध्याकाळी छोटी शाळेतून आली आणि दप्तर न काढता तिनं राजा एफ७, हत्ती एच१ करून दाखवलं. सी१, डी१, तीच गत. घडी मोडली म्हणून रस्ता बंद होत नाही. हत्तीला आठव्या ओळीकडे आणि एच या उभ्या ओळीकडे, दोन्हीकडे मोकळी वाट आहे तोवर दोन्ही मात जिवंत. एक वाट ठेवून दुसरी बुजवायला हवी, आणि तीही नवीन मोहरा न आणता. प्यादं टाकून भोक बुजवणं काकांना फडक्यानं गळती बांधल्यासारखं वाटतं.

बुजवणारा मोहरा पटावरच होता, पांढरा राजा. काकांनी हत्ती ए७ वर नेला. आता राजा एफ७ वर गेला की तो आपल्याच हत्तीच्या वाटेत उभा राहतो. काळा राजा एच७ वर जातो, आणि हत्तीला एच ओळीवर एका चालीत पोचता येत नाही. राजा बाजूला करून हत्तीचा शह उघडला तर काळ्याला पळायला घरं मिळतात. उलट राजा जी६ वर गेला तर काळ्यानं जी८, हत्ती ए८, मात पूर्वीसारखीच. काकांना फसवणारी चाल आता छोटीलाच फसवते. अशा जवळजवळ चालणाऱ्या चुकीच्या चालीला काका 'हूल' म्हणतात, आणि चांगल्या कूटात एक तरी हूल असावीच असं त्यांचं मत आहे.

या मांडणीत एक दुसरी हूल फुकट मिळाली. हत्ती जी७ वर नेला तर? तिथे त्याला एफ६ वरच्या राजाचा आधार आहे, मारता येत नाही. जी८ हत्तीनं धरलं, एच७ हत्तीनं धरलं. काळ्या राजाला एकही घर नाही. घाईतला माणूस टाळी वाजवून मोकळा होतो. पण हत्तीनं शह कुठे दिलाय? शह नाही आणि चालही नाही, म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत. चोराला खोलीत कोंडून पोलिसांना बोलवायचं विसरावं तशी ती चाल. काका ती सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात.

छोटीनं विचारलं, "हत्ती ए६ वर ठेवला तर?" काकांनी रात्रभर तपासलं. तिथेही उत्तर एकच निघतं, राजा जी६. तरी काकांनी ए७ च धरलं. कारण ए६ वर हत्ती असताना काळ्या राजाला सुरुवातीला दोन घरं मोकळी असतात, जी८ आणि एच७, आणि पांढऱ्याची किल्ली त्यातलं एक काढून घेते. हत्ती ए७ वर असला की आधीही एकच घर असतं आणि किल्लीनंतरही तेच एक. "उत्तर दोन्हीकडे बरोबर आहे," काका म्हणाले, "पण अडलेल्या माणसाचं उरलेलं घर काढून घेणारी किल्ली असभ्य. सोडवणारा आधी तसलीच चाल शोधतो, आणि ती लगेच सापडते. किल्लीनं काढून घेऊ नये. जमलं तर काहीतरी द्यावं."

दुसऱ्या वर्षी अंकात सुधारलेलं कूट द्यायचं ठरलं. पण काका आता दुधानं पोळलेले. छापायच्या आधी त्यांनी पांढऱ्याच्या पहिल्या चालींची यादीच केली. राजाच्या सात चाली. आठवी जी७ ची, ती काळ्या राजाला खेटते म्हणून नियमात बसत नाही. हत्तीच्या उभ्या ओळीत सात, आडव्या ओळीत सात. एकूण एकवीस. "एकवीस!" काका मला भर बाजारात हाका मारत आले. "अरे, बाप्पाचा आकडा. एकवीस मोदकांतला एकच गोड आहे, वीस मिठाचे आहेत हे सिद्ध करायचंय." मग एकेक मोदक फोडला. त्यातल्या सोळा चालींना काळ्याचं एकच उत्तर पुरतं, राजा जी८. पुढे पांढऱ्यानं आठव्या ओळीवर शह दिला तरी काळा एच७ किंवा जवळच्या घरात निसटतो. उरल्या चार. एफ७ ला एच७. हत्तीनं ए८ वर शह दिला तर राजा एच७. हत्ती एच७ वर शह द्यायला गेला तर राजा त्यालाच खातो. आणि जी७ ला काही करावंच लागत नाही, बरोबरी. यादीच्या शेवटी काकांनी सवयीनं दिनांक टाकून सही केली.

एवढं करूनही त्यांना झोप येईना. तेव्हा मी त्यांना लव्हडेची आठवण करून दिली. ती गोष्ट मुळात त्यांनीच मला सांगितलेली. १८४५ साली इंग्लंडमधल्या 'चेस प्लेअर्स क्रॉनिकल' या स्टाँटनच्या मासिकात दिल्लीहून आलेलं एक कूट छापलं गेलं, चार चालींत मात. पाठवणाऱ्यानं नाव दिलं नव्हतं, खाली फक्त 'शागिर्द' एवढी सही. तो हेन्री लव्हडे नावाचा पाद्री होता. त्यातली युक्ती अशी की पांढरा आपला उंट पार मागे नेतो, मग हत्ती त्याच्या वाटेत आडवा घालून काळ्या राजाला हलायला जागा देतो, आणि शेवटी हत्ती बाजूला झाला की उंटाचा शह उघडून मात. या युक्तीला आजही जगात 'इंडियन' म्हणतात. आणि त्या मूळ मांडणीत पांढऱ्याला दुसऱ्या वाटांनीही मात करता येते. म्हणजे कूटांच्या इतिहासातलं इतकं गाजलेलं कूट, आणि तेही नासकं.

"हो," काका उठून बसले, "पण त्याची कल्पना मोठी होती रे. मोठ्या कल्पनेला कुक शोभतो. माझ्या तीन मोहऱ्यांना तो चैनीचा आहे."

कूट छापलं गेलं. या वेळी दुसरं उत्तर शोधणाऱ्याला एकशे एक रुपये जाहीर केले होते. कुणी आलं नाही. विसर्जनाच्या आदल्या दिवशी छोटी आली. काकांचा हात आपोआप पाकिटाकडे गेला.

"दुसरं उत्तर नाहीये," ती म्हणाली. काकांनी श्वास सोडला. "पण काका, हे तर आम्हाला शिबिरात पहिल्याच आठवड्यात शिकवलं. राजा समोर आणायचा आणि हत्तीनं मात. आणि तुमच्या काळ्याला एकच चाल आहे. मग तो विचार कसला करणार?"

मला वाटलं, आता पुन्हा दोन दिवस जेवण बंद. पण काका खुलले. त्यांनी तिला समोर बसवलं आणि न्यू ऑर्लिन्सच्या पॉल मॉर्फीच्या नावावर असलेलं कूट मांडलं. काळा राजा ए८ च्या कोपऱ्यात, शेजारी बी८ वर त्याचा उंट, पुढे ए७ आणि बी७ ला दोन प्यादी. पांढरा राजा सी८, प्यादं बी६, हत्ती ए१, उंट एच६. किल्ली: हत्ती ए६. सरळ प्याद्याच्या तोंडात. "बघ, इथे काळ्याला सात चाली आहेत. प्याद्यानं हत्ती खाल्ला तर आपलं प्यादं बी७, मात. उंट हलवला, त्याच्या सहा चालींपैकी कुठेही, तर हत्ती ए७ चं प्यादं खातो, मात. सातही वेळा तो स्वतःच्या हातानं मरतो. किल्लीनं काही काढून घेतलं का? हत्ती देऊ केला."

छोटी बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "तो एच६ वरचा उंट काय करतो?"

"काही नाही," काका म्हणाले. "लग्नातला लांबचा पाहुणा. मॉर्फी होता म्हणून मी बोलत नाही."

यंदा अंकाच्या चौकटीसाठी मी काकांकडे गेलो, तर त्यांनी चौकटीच्या वहीतलं एक पान पुढे केलं. अक्षर त्यांचं नव्हतं. पाच मोहरे, पेन्सिलीनं काढलेले, एक घोडा कुत्र्यासारखा दिसत होता. खाली 'दोन चालींत मात' आणि त्याखाली फक्त 'छोटी'. काकांनी ते आठ दिवस घरात ठेवून घेतलं होतं. पानाच्या मागे पांढऱ्याच्या पहिल्या चालींची यादी काकांच्या बारीक अक्षरात, एकेकीपुढे काळ्याचं उत्तर, एक सोडून सगळ्या खोडलेल्या. काकू म्हणाल्या, आठ दिवस रोज कुक शोधताहेत, एकही मिळाला नाही, पण यांचा चेहरा बघा.

मी पान उलटून पाहिलं. वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं, छत्तीस वर्षं शेवटच्या मुद्रितावर लिहीत आले तसं, काकांनी लिहिलं होतं: 'छापा.'